वत्सगुल्म ते चाफा : विरहातल्या हाकेचा मागोवा

इसवी सन ९०० च्या आसपास कनोजच्या प्रतिहार राजांच्या पदरी राजशेखर नावाचा कवी होता. त्याचे घराणे यायावरांचे, आणि आपल्या पूर्वजांचे नाते तो महाराष्ट्राशी सांगत असे. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात एक कथा आहे. सरस्वतीला पुत्र झाला, तो काव्यपुरुष. जन्मतःच तो छंदात बोलला, तेव्हा आईने त्याला उचलून घेतले आणि त्याच्याशी द्वितीय पुरुषात बोलू लागली: शब्द आणि अर्थ हे तुझे शरीर, संस्कृत तुझे मुख, प्राकृत तुझे बाहू. पुढे हा मुलगा रुसून घर सोडून निघाला. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली आणि ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली. पूर्वेकडे तो तिच्याकडे फारसा वळलाच नाही. पांचालात थोडा वळला, अवंतीत आणखी थोडा. अखेर विदर्भात, कामदेवाची क्रीडाभूमी असलेल्या वत्सगुल्म नगरात, त्याने तिच्याशी गांधर्वविवाह केला. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. काव्याला माणूस समजून त्याच्याशी बोलणारी आई आणि पाठमोऱ्याच्या मागे चालत राहिलेली वधू, या दोघींच्या कथेचा शेवट राजशेखराने वाशीमला केला. विरहात माणूस समोर नसलेल्याला, किंवा ज्याला कानच नाहीत अशा वस्तूला हाक मारतो. त्या हाकेचा इतिहास शोधायचा तर मुक्काम याच गावी ठोकावा, असे मला वाटते. याला कारण केवळ ही कथा नाही. त्याहून पक्के एक कारण गावाच्या इतिहासात आहे आणि तिथे आपण लवकरच पोहोचू.

आधी थोडे मागे जाऊ. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र विपाश् आणि शुतुद्री या दोन नद्यांच्या संगमावर उभा आहे. बरोबर गाड्या आहेत, नद्यांना पूर आहे. तो नद्यांशी बोलतो, थोडे खाली वाकायला सांगतो. नद्या त्याला उत्तर देतात आणि शेवटी वाकतात. इथे हाक आणि ओ दोन्ही आहेत. ज्याला हाक मारावी तो ऐकतो, या विश्वासावरच ते सूक्त उभे आहे. वाल्मीकीच्या अरण्यकांडात मात्र चित्र पालटते. सीता दिसेनाशी झाल्यावर राम कदंबाला विचारतो, बेलाला विचारतो, अशोकाला विचारतो, आणि झाडे गप्प राहतात. राम वेड्यासारखा फिरत होता, असे कवी स्वतःच सांगतो. विश्वामित्र नद्यांशी बोलला तेव्हा त्याला कोणी वेडा म्हटले नव्हते. समोरच्याने ओ देणे थांबले तिथे हाकेत वेड शिरले, आणि विरहकवितेची खरी सुरुवात मला तिथेच दिसते.

त्याच रामायणाच्या युद्धकांडात, समुद्राच्या काठावर, राम वाऱ्याशी बोलतो. जिथे माझी प्रिया आहे तिकडे वाहा, तिला स्पर्श कर आणि मग मलाही कर, एवढेच त्याचे मागणे आहे. झाडाला प्रश्न विचारला की उत्तर हवे असते. वाऱ्याकडून उत्तर नको आहे, नुसते जाऊन येणे हवे आहे. विरहाने इथे एक नवी युक्ती शोधली. दोघांनाही लागू शकेल अशी एखादी गोष्ट निवडायची आणि तिला हाक मारायची.

ही युक्ती पुढे ज्या भाषेत रुजली ती महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची पूर्वज. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’चा गाभा इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतला मानतात, आणि नंतरही काही शतके तिच्यात गाथांची भर पडत राहिली. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तिची भलीथोरली मराठी आवृत्ती काढली, तेव्हापासून हा ग्रंथ मराठी वाचकाच्या हाताशी आहे. पहिल्याच शंभर गाथांतल्या सोळाव्या गाथेत एक विरहिणी चंद्राला हाक मारते. त्याला ती अमृतमय म्हणते, आकाशाचा मुकुट म्हणते, रात्रीच्या कपाळावरचा टिळा म्हणते. इतके लाडीगोडीचे बोलून झाल्यावर मागणे काय, तर ज्या करांनी तू माझ्या प्रियाला शिवलास त्याच करांनी मलाही शिव. कर म्हणजे हात आणि कर म्हणजे किरणही. चंद्राचे किरण दूरच्या प्रवाशाच्या अंगावर पडतात तसेच घरातल्या बाईच्या अंगावरही पडतात. म्हणजे जे होतच आहे तेच ती मागते आहे. चंद्राला काही वेगळे करावे लागत नाही आणि तरी तिची विनंती पुरी होते. गाथेच्या दोन ओळींत हाकेचे इतके चोख गणित मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही.

पण गाथांतल्या हाका बहुतेक करून चंद्राला नसतात. त्या सखीला, मामीला, सासूला किंवा दारात आलेल्या वाटसरूला असतात. नवरा परदेशी गेलेली एक बाई उजेडी वाटसरूला घर दाखवते. इथे सासू झोपते, इथे मी. रात्री तुला दिसत नाही, तेव्हा चुकून आमच्या अंथरुणावर पडू नकोस, असे बजावते. सासूच्या कानांना हे बजावणे आहे आणि वाटसरूच्या कानांना बोलावणे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून हीच गाथा घेतली. अकराव्या शतकात मम्मटाने व्यंग्य अर्थ कशाकशाने उमटतो याची मोजदाद केली, तेव्हा बोलणारा कोण, ज्याला बोलले तो कोण आणि जवळ तिसरे कोण आहे, हे तिन्ही त्याने वेगवेगळे मोजले. हाकेच्या अभ्यासाला याहून चांगले हत्यार नाही. रोममध्ये पहिल्या शतकात क्विंटिलियनने वक्त्याच्या अशा वळण्याची नोंद केली होती. न्यायाधीशाकडे पाठ करून वक्ता प्रतिपक्षाला किंवा गैरहजर माणसाला संबोधतो, असे त्याने लिहिले. ती न्यायालयातली गोष्ट होती. आपल्याकडे भामहापासून मम्मटापर्यंतच्या अलंकारांच्या याद्यांत या हाकेला स्वतंत्र घर मिळाले नाही. पण कोण ऐकते आणि कोण ऐकत नाही याचा बारीक विचार मात्र आपल्या शास्त्रकारांनीच केला, आणि त्यासाठी ते प्राकृत गाथांकडे वळले.

आता वाशीम. १९३९ साली इथे ताम्रपट सापडले. त्यांतून वाकाटकांच्या एका अज्ञात शाखेचा पत्ता लागला आणि वत्सगुल्म ही तिची राजधानी होती हे पुराव्याने सिद्ध झाले. दान देणारा राजा दुसरा विंध्यशक्ती, आणि त्याचा पिता सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक. विंध्यशक्तीच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेल्या या दानपत्राची भाषाच पाहण्यासारखी आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गाव कोणाला दिले, कोणत्या करांतून सूट दिली हा व्यवहाराचा भाग प्राकृतात. वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांवर आयुष्य घालवले. सर्वसेनाच्या नावामागे केवळ राजा नाही, मोठा कवी आहे, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे नीट कळले.

चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेल्या या सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य लिहिले. सप्तशतीतल्या काही गाथाही परंपरेने त्याच्या नावावर आहेत. ‘हरिविजया’ची कथा सत्यभामेच्या रुसव्याची आहे. कृष्णाने स्वर्गातला पारिजात आणून तिची समजूत काढली, ही ती कथा. आनंदवर्धनाने या काव्याची आठवण कालिदासाच्या प्रबंधांच्या जोडीने केली आहे. रसाच्या आड येणारा भाग कथेत असेल तर तो टाकून कवीने नवे रचावे, याचे उदाहरण म्हणून. कुंतकाने सुकुमार मार्गाचे कवी सांगताना कालिदासाच्या बरोबर सर्वसेनाला बसवले. इतके नावाजलेले हे काव्य आज नाही. भोज, हेमचंद्र अशा शास्त्रकारांनी उदाहरणादाखल उचललेली सुटी पद्ये तेवढी उरली आहेत. महाराष्ट्राच्या मातीत रचलेले एवढे मोठे काव्य असे तुकड्यातुकड्यांनी वाचावे लागते, याची हळहळ मला नेहमी वाटते. आपल्या विषयाला त्यातली एक गोष्ट लागू आहे. सत्यभामा दूर नाही, ती त्याच महालात आहे, पण तिने बोलणे टाकले आहे. समोर असूनही जो ओ देत नाही त्याला मारलेली हाक म्हणजे मानिनीची मनधरणी. विरहाची ही दुसरी जात आहे आणि वत्सगुल्मच्या राजाने आपल्या महाकाव्यासाठी नेमकी तीच निवडली.

वाकाटकांची थोरली शाखा नागपूरजवळ नांदत होती, आणि तिच्या मुलखातल्या रामगिरीवर, म्हणजे रामटेकला, कालिदासाने ‘मेघदूता’तला यक्ष बसवला असे मिराशींसह पुष्कळ विद्वान मानतात. यक्षाने आषाढातल्या ढगाला हाक मारली. त्याला वाट सांगितली, विसाव्याची ठिकाणे सांगितली आणि शेवटी बायकोला सांगायचा निरोप दिला. ढग म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा. त्याने निरोप कसा न्यावा, ही शंका कालिदासाने आरंभीच स्वतः घेतली. जो कामार्त आहे त्याला सजीव आणि निर्जीव यांतला भेद उरत नाही, असे उत्तरही त्यानेच दिले. गाथेतली बाई आणि हा यक्ष यांत एक महत्त्वाचा फरक आहे. बाईने चंद्राकडे चंद्राला जमेल तेवढेच मागितले होते. यक्षाने ढगाला बोलण्याचे काम दिले. पुढे उत्तरमेघात हाच यक्ष हिमालयाकडून येणारे वारे कवटाळतो, तिच्या अंगाला लागून आले असतील म्हणून, आणि तिथे तो पुन्हा रामायणातल्या रामाच्या आणि गाथेतल्या बाईच्या जुन्या वाटेवर येतो. मला स्वतःला यक्षाचा हा क्षण निरोपाहून अधिक जवळचा वाटतो.

ढगाला बोलायला लावण्यावरच पुढे बोट ठेवले गेले. भामहाने ‘काव्यालंकारा’च्या पहिल्या परिच्छेदात काव्यातले दोष सांगताना एक दोष सांगितला तो अयुक्तीचा. मेघ, वारा, चंद्र, भुंगा, चक्रवाक, पोपट हे मुके किंवा अस्पष्ट बोलणारे. ते दूरदेशी जाऊन दूताचे काम कसे करतील? हे युक्तीला धरून नाही. भामहाने कालिदासाचे नाव घेतलेले नाही. पण लगेच पुढे त्याने एक दार उघडे ठेवले. उत्कंठेने वेडावलेला माणूस तसे बोलत असेल तर तसे असू द्यावे, आणि मोठ्या बुद्धीचे लोकही तशी योजना करतात, असे तो म्हणतो. या दोन वाक्यांत हाकेची कसोटी सापडते. निरोप पोचवायची सोय म्हणून कवीने वस्तूला हाक मारली असेल तर ती खोटी. उत्कंठा इतकी अनावर असेल की तिला कुठेतरी वळावेच लागले, तर ती खरी. पुढच्या काळात ‘मेघदूता’च्या नकला झाल्या. बाराव्या शतकात बंगालच्या लक्ष्मणसेनाच्या दरबारी धोयीने ‘पवनदूत’ लिहिले आणि मग हंस, कोकिळ असे दूत येत राहिले. त्यांतली कित्येक काव्ये वाचताना विरह मागे पडतो आणि नुसता प्रवासाचा नकाशा उरतो. हाक फसली हे ओळखायची खूण सोपी आहे. हाक मारलेल्या वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवली आणि कवितेचे काहीच बिघडले नाही, तर ती हाक उसनी आहे. सोळाव्या गाथेत चंद्राच्या जागी पोपट ठेवून पाहावा. गाथा तिथल्या तिथे कोसळते, कारण दोघांना एकाच वेळी शिवणारे कर पोपटाला नाहीत.

अलंकारशास्त्राचा हा वाद चालू असताना लोकांच्या तोंडी एक साधा पक्षी बसलेला होता. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने प्राकृताचे व्याकरण रचले आणि अपभ्रंशाच्या नियमांना उदाहरणे म्हणून लोकांत चालणारे दोहे दिले. त्यांतल्या एका दोह्यात बाई कावळा हाकलते आहे. विरहाने मनगट इतके वाळले आहे की हात उचलताच बांगड्या निसटून जमिनीवर पडू लागतात. तेवढ्यात प्रिय अचानक दिसतो, आनंदाने तिचे अंग भरते आणि हातात उरलेल्या बांगड्या तडतड फुटतात. निम्म्या पडल्या, निम्म्या फुटल्या. कावळा दारात ओरडला की कोणीतरी येणार, ही समजूत या दोह्याच्या मुळाशी आहे आणि ती आपल्या घरांतून अजून गेलेली नाही. मात्र या दोह्यात बाई कावळ्याशी बोलत नाही, नुसती त्याला हाकलते.

शंभरेक वर्षांनी तेराव्या शतकात ज्ञानदेवांच्या विरहिणीने त्याच कावळ्याकडे तोंड वळवले आणि बोलायला सुरुवात केली. तिने त्याला नुसते उडवले नाही, उडण्याबद्दल मोबदला देऊ केला. पाय सोन्याने मढवीन, दहीभाताचा घास भरवीन, दुधाची वाटी ओठाला लावीन, आंब्याच्या डहाळीवरचे रसाळ फळ चाखायला देईन. मागणे एवढेच की खरे सांग, पंढरीचा राणा घरी कधी येणार? हा एकेक मोबदला निरखून पाहावा. सोन्याचे पाय हे स्वप्नातले देणे आहे, पण दहीभात कावळ्याला रोजचाच. जिला कावळा घरातला वाटतो अशीच बाई हे देऊ शकते. चंद्राकडे गाथेने जसे चंद्राचेच काम मागितले, तसे इथे कावळ्याकडे कावळ्याचेच काम मागितले आहे, ओरडणे आणि उडणे. भामहाचा आक्षेप या अभंगाला लागूच होत नाही. आणि येणारा पाहुणा आता परदेशी गेलेला नवरा राहिलेला नाही. तो विटेवर उभा असलेला देव आहे, त्यामुळे हाक ऐकणारा कोणीतरी निश्चित आहे. विश्वामित्रानंतर हरवलेली ओ संतांच्या कवितेत पुन्हा मिळण्याची आशा दिसू लागते, आणि म्हणूनच जनाबाई त्या देवाला ‘अरे’ करून शिव्या घालू शकते.

विदर्भाची स्वतःची हाक या काळात वेगळ्या वाटेने चालली होती. कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीने न पाहिलेल्या कृष्णाला पत्र लिहिले आणि ब्राह्मणाच्या हाती पाठवले, ही भागवताच्या दहाव्या स्कंधातली कथा. महदंबेने रिद्धपुरात या विवाहावर धवळे गायले आणि नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. १५७१ साली एकनाथांनी त्याच कथेवर केलेला ग्रंथ तर लग्न जमावे म्हणून मुलींना वाचायला देण्याची प्रथा पडली. न पाहिलेल्या माणसाला लिहिलेले पत्र शेकडो वर्षे घरोघरच्या मुली स्वतःच्या तोंडाने वाचत आल्या आहेत. अशा वाचनात हाक मारणारी व्यक्ती दर वेळी नवी असते आणि ऐकणारा अजून भेटलेलाच नसतो.

इंग्रजी कवितेच्या परिचयानंतर केशवसुतांच्या पिढीपासून मराठीत हाकांना ऊत आला. पक्ष्याला, फुलाला, कवितेला, मृत्यूला, सगळ्यांनाच कवी संबोधू लागले. त्यांतल्या पुष्कळ हाका उसन्या आहेत, वर सांगितलेली अदलाबदलीची खूण लावून पाहिली तर टिकत नाहीत. वऱ्हाडात मात्र एक हाक टिकणारी निघाली. १८७२ साली बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरला जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते ‘बी’ या नावाने लिहीत. त्यांच्या कवितांचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ साली आला. त्यांची ‘चाफा’ ही कविता वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायली आणि ती माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. चाफा अबोल आहे, खंतावलेला आहे, फुलत नाही. बोलणारी त्याला आंब्याच्या बनात आणि केतकीच्या बनात आपण काय काय केले ते सांगते, माळ हिंडून आल्याचे सांगते, नाचायला आणि फुगड्या घालायला बोलावते. हा पारिजात नाही, कुणाच्या समजुतीसाठी आणलेले झाड नाही; इथे झाडानेच बोलणे टाकले आहे आणि त्याचीच मनधरणी चालली आहे. दृष्टीला दृष्टी मिळते तेव्हा चाफा फुलतो, आणि त्याच क्षणी हाक मारणारी विचारते की यात दोघे होतेच कुठे.

गुप्त्यांनी ‘हरिविजया’चे नाव घेतल्याचा कुठला पुरावा माझ्यासमोर नाही, आणि सर्वसेनाच्या त्या काव्याचे तुकडे तर विद्वानांच्या ग्रंथांतच पडून होते. तरी चौथ्या शतकातला वत्सगुल्मचा राजा आणि विसाव्या शतकातला मलकापूरचा कवी एकाच प्रसंगावर आलेले दिसतात. समोर असलेला बोलत नाही आणि त्याला बोलते करायचे आहे. सर्वसेनाच्या कृष्णाने त्यासाठी इंद्राशी भांडून फुलझाड आणले. ‘बीं’च्या कवितेत आणण्यासारखे बाहेर काही नाही, बन, माळ, कडा, नदी सगळे पालथे घालून झाले आहे. तिथे हाक मारणाऱ्याला स्वतःचे वेगळेपणच सोडावे लागते, आणि ते सुटल्यावर हाकेला ओ कोणी द्यायची हा विश्वामित्रापासून चालत आलेला प्रश्न त्या कवितेपुरता तरी शिल्लक राहत नाही.